नेफ्रॉनच्या आकृतीतले तीन बाण

अकरावीच्या जीवशास्त्रातली नेफ्रॉनची आकृती बहुतेक वह्यांमध्ये एकसारखीच दिसते. वर बोमनचं संपुट, त्यात केशवाहिन्यांचा गुच्छ, पुढे वळणावळणांची समीप नलिका, मग खाली जाऊन वर येणारा हेन्लेचा पाश, पुन्हा वळणांची दूरस्थ नलिका आणि शेवटी संग्राहक नलिका. भागांची नावं मुलांना पाठ असतात. पण गाळण, पुनर्शोषण आणि स्रवण या तीन क्रिया याच आकृतीत दाखवा म्हटलं, की तीन शब्द तीन ठिकाणी लिहून मुलं मोकळी होतात. संपुटापाशी गाळण, मधे कुठेतरी पुनर्शोषण, शेवटच्या वळणापाशी स्रवण.

अशा आकृतीला गुण मिळतात, पण तिच्यावरून मूत्रपिंडाचं काम कळत नाही. या तीन गोष्टी म्हणजे नळीतल्या तीन जागा नव्हेत, त्या तीन दिशांच्या हालचाली आहेत. कुठून निघालं आणि कुठे पोचलं, हे दोन्ही सांगितल्याशिवाय हालचाल पुरी होत नाही. म्हणून इथे नुसता शब्द पुरत नाही, बाण लागतो. आणि बाणाला दोन टोकं लागतात. त्यातलं एक टोक नळीत असतं, दुसरं रक्तात. बहुतेक वह्यांमध्ये रक्तवाहिनी संपुटाच्या तोंडाशीच थांबलेली असते, त्यामुळे पुढच्या बाणांना टेकायला जागाच उरत नाही.

तेव्हा नळीच्या आधी रक्तवाहिनी काढावी, आणि ती शेवटपर्यंत न्यावी. संपुटात रक्त आणणारी अभिवाही धमनिका जरा रुंद काढा. तिच्यातून केशिकागुच्छ निघतो. गुच्छातून रक्त बाहेर नेणारी अपवाही धमनिका अरुंद काढा. इथे एक गोष्ट लक्षात येते. शरीरात बहुतेक ठिकाणी केशिकांनंतर शीर येते, इथे मात्र पुन्हा धमनिकाच आली आहे. ही धमनिका पुढे जाऊन पुन्हा फुटते आणि केशिकांचं दुसरं जाळं नळीभोवती गुंडाळलं जातं. शीर त्यानंतर येते. म्हणजे ज्या रक्तातून द्रव गाळला गेला, तेच रक्त काही क्षणांनी त्याच द्रवाशेजारून वाहू लागतं.

दोन्ही जाळ्यांतला दाब मात्र सारखा नाही. गुच्छातल्या केशिकांमध्ये तो पाऱ्याच्या सुमारे ६० मिलिमीटर इतका असतो. बाहेर पडायची वाट अरुंद असल्यामुळे तो तिथे टिकून राहतो. नळीभोवतीच्या जाळ्यात तोच सुमारे १३ पर्यंत उतरतो. शिवाय पाणी निघून गेल्यामुळे उरलेल्या रक्तात प्रथिनं दाटलेली असतात, आणि अशी प्रथिनं पाणी ओढून घेतात. पहिलं जाळं द्रव बाहेर ढकलतं, दुसरं तो परत ओढतं. सबंध आकृतीचं इंजिन या दोन जाळ्यांच्या फरकात आहे, आणि नेमका तोच भाग वहीतून गळतो.

आता बाण काढता येतील. गाळणाचा बाण गुच्छाकडून संपुटाच्या पोकळीकडे जाईल. पुनर्शोषणाचा नळीकडून शेजारच्या केशिकेकडे जाईल. स्रवणाचा बाण केशिकेकडून नळीकडे, म्हणजे बरोबर उलट. संग्राहक नलिकेच्या टोकाशी चौथा बाण बाहेरच्या दिशेने काढायचा, तो उत्सर्जनाचा. कोणत्याही पदार्थासाठी या चार बाणांचा हिशेब एकच असतो: जेवढं गाळलं गेलं, त्यातून परत घेतलेलं वजा करा, वरून सोडलेलं त्यात मिळवा, म्हणजे लघवीत किती गेलं ते येतं.

पहिला बाण सगळ्यांत जाड काढावा, कारण त्यामागचा आकडा थक्क करणारा आहे. निरोगी तरुण माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांमध्ये मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो. दिवसाचा हिशेब १८० लिटरवर जातो. शरीरातलं एकूण रक्तद्रव्य जेमतेम तीन लिटर असतं, म्हणजे ते दिवसातून साठेक वेळा या गाळणीतून जातं. लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते.

हे गाळण फार निवड करत नाही. रक्तपेशी अडतात, प्रथिनं जवळजवळ सगळी अडतात. बाकी पाणी, मीठ, साखर, युरिया, क्रिएटिनिन हे सगळं रक्तद्रव्यात ज्या प्रमाणात असतं त्याच प्रमाणात संपुटात उतरतं. हवंनको तिथे ठरत नाही. दिवाळीच्या आवराआवरीत फळीवरचं सगळं सामान खाली काढतात आणि हवं तेवढंच परत वर ठेवतात, तशी ही पद्धत आहे. तिचा फायदा मोठा आहे. कालपर्यंत शरीराने कधी पाहिलाही नव्हता असा एखादा लहान रेणू रक्तात आला, तर तो घातक आहे हे मूत्रपिंडाला ओळखावं लागत नाही. तो गाळला जातो आणि परत घेणारं कोणी नसेल तर आपोआप बाहेर पडतो. ओळखायचं असतं ते फक्त ठेवून घ्यायचं सामान.

या सामानातली साखर आपण आकृतीवर अखेरपर्यंत चालवून पाहू. उपाशीपोटी रक्तातली साखर १०० आली असं आपण म्हणतो तेव्हा दर १०० मिलिलिटर रक्तद्रव्यात १०० मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. मिनिटाला १२५ मिलिलिटर गाळले जातात, तेव्हा १२५ मिलिग्रॅम ग्लुकोज संपुटात उतरतं. गाळणाच्या बाणावर हा आकडा लिहा. दिवसभराचं धरलं तर १८० ग्रॅम साखर नळीत येते. ती तशीच निघून गेली असती तर खाल्लेलं बरंचसं अन्न मोरीत गेलं असतं.

ते होत नाही, कारण समीप नलिकेच्या पेशींना आतल्या बाजूने बारीक रसांकुरांची दाट झालर असते आणि त्या झालरीवर साखर उचलणारी प्रथिनं बसलेली असतात. ही प्रथिनं सोडियमला आत येऊ देतात आणि त्याच्या जोरावर ग्लुकोजही आत खेचतात. नलिकेच्या सुरुवातीच्या भागात एसजीएलटी-२ नावाचं प्रथिन सुमारे नव्वद टक्के साखर उचलतं. उरलेली पुढच्या सरळ भागातलं एसजीएलटी-१ वेचतं. पेशीच्या पाठीमागच्या बाजूने ती केशिकेत जाते. पुनर्शोषणाच्या बाणावरही १२५ लिहा. समीप नलिका संपते तिथे साखर शून्य आणि लघवीतही शून्य.

आता रक्तातली साखर ४०० झालेला माणूस घ्या. गाळणाच्या बाणावर १२५ गुणिले ४, म्हणजे मिनिटाला ५०० मिलिग्रॅम आले. पण उचलणाऱ्या प्रथिनांची संख्या वाढलेली नाही. सगळी मिळून ती मिनिटाला साधारण ३७५ मिलिग्रॅमच उचलू शकतात. उरलेले १२५ नळीत राहतात आणि पाशातून, दूरस्थ नलिकेतून, संग्राहक नलिकेतून थेट बाहेर पडतात, कारण पुढे त्यांना उचलणारं जवळपास कोणी नाही. तासाला साडेसात ग्रॅम साखर गेली. ती एकटी जात नाही, पाण्यालाही धरून ठेवते. म्हणून साखर फार वाढलेल्या माणसाला वरचेवर लघवीला जावं लागतं आणि घसा कोरडा पडतो.

इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. लघवीत साखर आली म्हणजे ती रक्तातून नळीत सोडली गेली असणार, असं धरून ते दूरस्थ नलिकेपाशी साखरेसाठी स्रवणाचा बाण काढतात. तसा बाण ग्लुकोजला नाहीच. ती साखर वरूनच आली होती, तिचा काही भाग फक्त परत घेता आला नाही.

हिशेबाने पाहिलं तर रक्तातली साखर ३०० ला पोचेपर्यंत लघवीत काही यायला नको, कारण ३०० वर बरोबर ३७५ गाळले जातात. प्रत्यक्षात साखर १८०च्या आसपासच दिसू लागते. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून साधारण वीस लाख नेफ्रॉन असतात आणि ते सगळे एका मापाचे नाहीत. काहींमध्ये गाळण जास्त आणि उचलण्याची ताकद कमी असते. ते आधी हरतात, बाकीचे नंतर. आपण कागदावर काढतो तो एक नेफ्रॉन, ३७५ हा मात्र सगळ्यांचा मिळून आकडा आहे, एवढं लक्षात ठेवावं.

हा बाण हल्ली औषधाने मुद्दाम अडवतात. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणारे अनेकजण आपल्या ओळखीत निघतील. ही औषधं एसजीएलटी-२ बंद पाडतात. अशा माणसाच्या लघवीच्या तपासणीत साखर भरपूर दिसते आणि रिपोर्ट हातात आल्यावर घरचे घाबरतात. पण रक्तातली साखर तेव्हा आटोक्यात असू शकते. लघवीतली साखर इथे औषध काम करत असल्याची खूण असते, मधुमेह हाताबाहेर गेल्याची नव्हे.

साखर आधी गाळली जाते आणि मग परत घेतली जाते, हे कळलं कसं? कारण लघवीत ती नसते, आणि नसण्याची कारणं दोन असू शकतात: ती गाळलीच गेली नाही, किंवा गाळून परत घेतली गेली. एकोणिसाव्या शतकात यावर मोठे वाद झाले. फिलाडेल्फियात जोसेफ वर्न आणि ए. एन. रिचर्ड्स यांनी बेडकावर प्रयोग करून हा प्रश्न सोडवला. बेडकाच्या मूत्रपिंडातले काही केशिकागुच्छ पृष्ठभागालगत असतात, सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी दिसतात. त्यांनी काचेची नळी तापवून ओढत ओढत तिचं टोक अतिशय बारीक केलं, ते एकाच संपुटात खुपसलं आणि आतला द्रव ओढून घेतला. तो इतका थोडा होता की तपासण्याच्या पद्धतीही त्यांना त्याजोग्या कराव्या लागल्या. मूत्राशयातल्या लघवीत साखर नव्हती, पण संपुटातल्या द्रवात ती होती. प्रथिनं मात्र तिथे नव्हती. हे संशोधन १९२४ साली छापून आलं. आपल्या आकृतीतले पहिले दोन बाण या काचेच्या टोकावर उभे आहेत.

हेन्लेच्या पाशाबद्दल इथे थोडक्यातच सांगतो, कारण तिथे दोन्ही बाण पुनर्शोषणाचेच आहेत. फक्त पदार्थ बदलतात. उतरत्या भुजेतून पाणी बाहेर पडतं, चढत्या भुजेतून मीठ. चढती भुजा पाणी जाऊ देत नाही. एकाच पाशावर सरसकट 'पाणी व क्षार' असं लिहिलं, की पाशाचं सगळं मर्म पुसलं जातं.

तिसरा बाण सगळ्यांत दुर्लक्षित आहे. मूत्रपिंडात आलेल्या रक्तद्रव्याचा सुमारे एक पंचमांश भागच गाळला जातो. चार पंचमांश गुच्छातून तसाच पुढे, नळीभोवतीच्या जाळ्यात जातो. शिवाय काही पदार्थ रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतात, त्यामुळे तेवढे गाळणीतून उतरतच नाहीत. असे पदार्थ काढायचे तर नळीच्या पेशींनी ते केशिकेच्या बाजूने उचलून नळीत टाकायला हवेत. तेच स्रवण.

पेनिसिलिन याचं ठसठशीत उदाहरण आहे. १९४१च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसावर पेनिसिलिनचे उपचार सुरू झाले. जंतुसंसर्गाने तो मरणाच्या दारात होता. औषधाने त्याला उतार पडू लागला, पण जगातला साठाच तुटपुंजा होता आणि दिलेलं पेनिसिलिन झपाट्याने लघवीवाटे निघून जात होतं. फ्लोरींचे सहकारी त्याची लघवी गोळा करून तिच्यातून पेनिसिलिन पुन्हा वेगळं करत आणि त्यालाच परत देत. तरीही औषध संपलं, आजार उलटला आणि मार्चमध्ये तो दगावला. नुसतं गाळण असतं तर पेनिसिलिन रक्तात बराच जास्त वेळ टिकलं असतं. त्याचा मोठा भाग समीप नलिकेच्या पेशी रक्तातून उचलून नळीत सोडतात, म्हणून अर्ध्या तासात रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. पुढे प्रोबेनेसिड नावाचं औषध निघालं. ते या पेशींचा उचलण्याचा मार्ग अडवतं, त्यामुळे पेनिसिलिन रक्तात जास्त वेळ राहतं.

म्हणजे स्रवणाचा एक ठळक बाण समीप नलिकेपाशी, साखरेच्या पुनर्शोषणाच्या बाणाला लागूनच हवा. शालेय आकृत्यांमध्ये तो बहुतेकदा फक्त दूरस्थ नलिकेपाशी असतो. नळी रक्तातून पदार्थ ओढून लघवीत टाकू शकते, याचा सज्जड पुरावा माशांनी दिला. गूसफिश या समुद्री माशाच्या मूत्रपिंडात काम करणारे केशिकागुच्छ नसतात. तिथे गाळण नाही, तरी लघवी तयार होते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ई. के. मार्शल यांनी असे मासे निवडून तपासले. पहिला बाण काढून टाकला तर उरलेल्यांवर मूत्रपिंड काय करू शकतं, हेच त्यातून दिसलं.

दूरस्थ टोकाचा बाणही खराच आहे, फक्त त्यावरचे पदार्थ वेगळे आहेत. तिथे पोटॅशियम आणि हायड्रोजन आयन सोडले जातात. पोटॅशियमला तिन्ही बाण लागतात, म्हणून आकृती पुरी समजली का ते पाहायला मला तेच सर्वांत योग्य वाटतं. ते गाळलं जातं. त्यातलं सुमारे नव्वद टक्के समीप नलिका आणि पाशाची चढती भुजा मिळून परत घेतात. मग दूरस्थ नलिकेच्या शेवटच्या भागात आणि संग्राहक नलिकेत आल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या हुकमाने ते पुन्हा नळीत सोडलं जातं. लघवीत किती पोटॅशियम जायचं, हे मुख्यतः या अखेरच्या बाणाच्या जाडीवर ठरतं. आज जेवणातून जास्त आलं तर बाण जाड होतो, कमी आलं तर बारीक. मूत्रपिंड निकामी होऊ लागलं की हा बाण पुरेसा जाड होऊ शकत नाही. रक्तात पोटॅशियम साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका निर्माण होतो. अशा रुग्णांना डॉक्टर शहाळ्याचं पाणी आणि केळी जपून घ्यायला किंवा बंदच करायला सांगतात, ते यामुळे. इतर आजाऱ्याला हमखास शहाळं घेऊन जाणाऱ्या आपल्या लोकांना हे पटवणं अवघड जातं.

शेवटचं उदाहरण क्रिएटिनिनचं, कारण रक्ताच्या रिपोर्टमध्ये मूत्रपिंडाच्या नावाखाली लोक तोच आकडा आधी पाहतात. स्नायूंमधून ते रोज ठरावीक प्रमाणात तयार होतं, गाळलं जातं आणि परत घेतलं जात नाही. म्हणून त्यावरून गाळणाचा वेग काढतात. पण समीप नलिकेत त्याचा एक बारीक स्रवणाचा बाणही आहे, आणि तो विसरला तर आकडा फसवतो.

एक माणूस धरू. त्याचं खरं गाळण मिनिटाला १०० मिलिलिटर आहे आणि रक्तातलं क्रिएटिनिन १.० आहे, म्हणजे मिलिलिटरला ०.०१ मिलिग्रॅम. गाळणाच्या बाणावर मिनिटाला १ मिलिग्रॅम आला. स्रवणाच्या बाणावर ०.१५ धरू. लघवीत १.१५ जातं, आणि स्नायूंतही तेवढंच तयार होत असल्याने रक्तातला आकडा स्थिर राहतो. चोवीस तासांची लघवी गोळा करून कोणी गाळणाचा वेग काढला तर तो ११५ येईल, खऱ्यापेक्षा जास्त. आता याच माणसाला मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी सुरू झाली. हे औषध क्रिएटिनिनचा स्रवणाचा मार्ग अडवतं. ०.१५ चा बाण बंद झाला, तयार होणं मात्र चालूच आहे. मग रक्तातलं क्रिएटिनिन चढत जातं आणि गाळणाच्या एकट्या बाणाने १.१५ मिलिग्रॅम बाहेर पडेल इतकं वाढून, म्हणजे १.१५ वर, स्थिरावतं. गाळण तसंच आहे, १००. रिपोर्टवरचा गाळणाचा अंदाज मात्र या वाढलेल्या आकड्यावरून काढलेला असतो, म्हणून तो खाली आलेला दिसतो.

खरी बिघाडी आणि हा दिखाऊ बदल वेगळा ओळखायला युरियाची मदत होते. युरियाला हा स्रवणाचा मार्ग नाही, म्हणून नुसता तिसरा बाण अडला असेल तर युरिया जागच्या जागी राहतो आणि गोळी थांबल्यावर काही दिवसांत क्रिएटिनिनही पूर्ववत होतं. क्रिएटिनिनबरोबर युरियाही चढला असेल, किंवा वाढ थोडक्यावर न थांबता रोज पुढे जात असेल, तर डॉक्टर पहिल्या बाणाकडे पाहतात आणि गाळणच कमी झालं आहे का ते शोधू लागतात. याच औषधाने संग्राहक नलिकेतलं पोटॅशियमचं स्रवणही मंदावतं, म्हणून वयस्कर किंवा आधीच मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या रुग्णात त्या रिपोर्टमधला पोटॅशियमचा आकडाही ते तपासून घेतात.